फोनला दिसतं, मग लॅपटॉपला का नाही?

नाशिकला मावशीकडे नवं फायबर कनेक्शन आलं, त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "अरे, सगळ्यांच्या फोनवर आपलं वाय-फाय दिसतंय. माझ्या लॅपटॉपवर शेजाऱ्यांची पाच-सहा नावं येतात, आपलं तेवढं येत नाही." राउटर बसवायला आलेला मुलगा जाताना सांगून गेला होता, की लॅपटॉप जुना झालाय, आता नवा घ्या. हा लॅपटॉप तिच्या मुलाने २०१२मध्ये अमेरिकेहून आणलेला. त्यावर ती सोसायटीचे हिशेब ठेवते आणि तो कुरकुर न करता चालतो.

मावशीच्या तक्रारीतच निम्मं निदान होतं. शेजाऱ्यांची नावं दिसतात, म्हणजे लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड जिवंत आहे. एकही नाव आलं नसतं तर बंद पडलेलं बटण, एअरप्लेन मोड किंवा ड्रायव्हर शोधावा लागला असता. इथे कार्डाला ऐकू येत होतं, फक्त आपल्या राउटरचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोहोचत नव्हता.

राउटर आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारत असतो, पण ठरलेल्या एका चॅनलवर. लॅपटॉप आपल्याला माहीत असलेले चॅनल एकामागून एक लावून ऐकतो आणि जी नावं कानावर पडतील त्यांची यादी दाखवतो. मीडियम वेव्हच्या जुन्या रेडिओवर एफएम केंद्र लागत नाही, तसंच हे. केंद्र चालू असतं, शेजारच्या सेटवर गाणी वाजत असतात, पण आपल्या सेटमध्ये तो पट्टाच नसतो.

घरगुती वाय-फायचे मुख्य पट्टे दोन, म्हणजे बँड: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. गेल्या काही वर्षांतले बहुतेक फोन दोन्ही ऐकतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये मात्र फक्त २.४चं कार्ड बसवलेलं असे. खोक्यावर 802.11n छापलेलं असे, म्हणून ग्राहकाला ते नव्या जमान्याचं वाटे. पण n हे मानक दोन्ही बँडवर चालू शकतं. कार्डात ५चा रेडिओ बसवायचा की नाही, हे कंपनी ठरवायची आणि पैसे वाचवायला पुष्कळदा तो गाळायची.

आपल्या कार्डाची जात ओळखायला विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ टाइप करावी:

```
netsh wlan show drivers
```

उत्तरात Radio types supported अशी ओळ येते. मावशीने ती फोनवर वाचून दाखवली: 802.11b, 802.11g, 802.11n. यात a किंवा ac असतं, तर कार्ड ५ गिगाहर्ट्झ ऐकतं असं समजता आलं असतं. b, g, n एवढंच असेल, तर बहुधा फक्त २.४. खात्रीसाठी फोनचा हॉटस्पॉट वापरता येतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. मावशीने २.४ निवडल्यावर फोनचं नाव लॅपटॉपवर आलं, ५ निवडल्यावर गेलं. शंका उरली नाही. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा टाकून किंवा विंडोज फॉरमॅट करून काही होत नाही, कारण तो रेडिओ यंत्रातच नसतो.

मग तिच्या फोनवरून राउटरचं पान उघडलं. त्याचा पत्ता राउटरच्या खालच्या लेबलवर असतो, बहुधा 192.168.1.1 असा. तिथे २.४ बंद करून ठेवलेलं होतं, स्पीड चांगला मिळावा म्हणून. स्पीडच्या चाचणीत ५ गिगाहर्ट्झचा आकडा मोठा येतो हे खरं, पण त्यापायी दुसरा बँड बंद करणं मला चुकीचंच वाटतं. स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग अशा कितीतरी वस्तूंचं कामही फक्त २.४वर चालतं. आम्ही तो चालू केला, ओळखू यावा म्हणून वेगळं नाव दिलं आणि लॅपटॉपकडे पाहिलं.

नाव आलं नाही!

या ठिकाणी माणूस हात टेकतो आणि दुकान गाठतो. पण अडचण आता बँडची नव्हती, चॅनलची होती. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १ ते १३ चॅनल वापरतात. अमेरिकेत या पट्ट्याच्या वरच्या कडेला प्रक्षेपणशक्तीची बंधनं कडक आहेत, त्यामुळे तिथल्या बाजारासाठीची उपकरणं साधारणपणे १ ते ११ एवढेच चॅनल वापरतात. कार्ड कोणत्या देशासाठी आहे, हे पुष्कळदा कारखान्यातच त्यात नोंदलेलं असतं. लॅपटॉप नाशिकला आला, तरी कार्डाची नोंद अमेरिकेचीच राहिली. राउटरवर चॅनल 'ऑटो' होता. शेजाऱ्यांचे राउटर १, ६ आणि ११वर गर्दी करून होते, म्हणून त्याने मोकळा दिसणारा १३ घेतला होता. भारतातला फोन तो ऐकतो, मावशीचा लॅपटॉप ११च्या पुढे जातच नाही.

चॅनल ऑटोवरून ६वर आणला, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली, पान सेव्ह केलं. अर्ध्या मिनिटात मावशी म्हणाली, "आलं रे, आलं!"

ऑटोमुळे हा दोष लपंडावही खेळतो. राउटर बंद-चालू केला की नाव दिसतं, चार दिवसांनी पुन्हा जातं. असं होत असेल तर नाव दिसतं तेव्हाचा आणि दिसत नाही तेव्हाचा चॅनल राउटरच्या पानावर पाहून लिहून ठेवावा. उत्तर त्या दोन आकड्यांत सापडतं.

५ गिगाहर्ट्झ ऐकणाऱ्या जुन्या लॅपटॉपलाही हीच अडचण येते. तिथे ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागताच राउटरला तिथून हटावं लागतं. या चॅनलवर लॅपटॉपने आपणहून हाक मारायची नसते, गप्प राहून ऐकायचं असतं, आणि काही जुनी कार्डं ते चॅनल सरळ वगळतात. त्यातच भारतात ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त झाला तो २०१८मध्ये. तेव्हा राउटर ३६, ४०, ४४ किंवा ४८वर ठेवून पाहावा.

एक वेगळं दुखणंही आहे. इंटेलच्या काही जुन्या कार्डांना, ड्रायव्हर जुना असेल तर, वाय-फाय ६च्या राउटरचं नाव दिसत नाही. तिथे मात्र नवा ड्रायव्हर टाकल्यावर काम होतं. आणि नाव दिसतं पण जोडणी होत नाही, तर राउटरवर फक्त WPA3 सुरक्षा लावली आहे का ते बघावं. जुन्या यंत्रांना WPA2 लागते.

एका अँटेनाच्या n कार्डाची २.४वरची जोडणी २० मेगाहर्ट्झ रुंदीत जास्तीत जास्त ७२ मेगाबिटची होते आणि हाती निम्म्याच्या आसपास येतं. ईमेल, बँकेचं काम आणि व्हिडिओ कॉल यांना ते पुरतं. त्याहून जास्त हवं असेल, तर यूएसबीत खोचायचं दोन्ही बँडचं छोटं वाय-फाय अडॅप्टर घ्यावं. खोक्यावर ५ गिगाहर्ट्झ स्पष्ट लिहिलेलं आहे ना, हे पैसे देण्याआधी वाचा, कारण फक्त २.४ची अडॅप्टरं अजून सर्रास विकली जातात.