टायफॉइडच्या जंतूला ही विद्या शिकवतो कोण?

गेल्या पंधरवड्यात सोलापूरला बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेला आमच्या गल्लीतला एक विद्यार्थी प्रश्नपत्रिका घेऊन दवाखान्यात आला. त्याच आठवड्यात एका वाचक भगिनींनी विचारले होते, "डॉक्टर, पूर्वी टायफॉइड गोळ्यांनी बरा व्हायचा, आता इंजेक्शनशिवाय का भागत नाही?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, म्हणून आज ते एकत्र घेतो.

विद्यार्थ्याचा प्रश्न असा होता. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचे दोन वाण घेतले. 'अ' वाणाला अँपिसिलिन मारू शकत नाही, पण स्ट्रेप्टोमायसिन मारते. 'ब' वाणाचे नेमके उलटे, त्याला स्ट्रेप्टोमायसिन बाधत नाही आणि अँपिसिलिनने तो मरतो. दोन्ही औषधे घातलेल्या ताटलीवर (विद्यार्थी तिला प्लेट म्हणतात) 'अ' एकटा पसरला तर काही उगवत नाही, 'ब' एकटा पसरला तरी काही उगवत नाही. मात्र दोघांना एक तासभर एकत्र ठेवून त्या मिश्रणाचे ०.१ मिलिलिटर पसरले, तर दुसऱ्या दिवशी २०० वसाहती दिसतात. या कोठून आल्या? आणि गुण कोणत्या मार्गाने गेला, हे कसे ठरवाल?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'ब' एकटा असताना एकही वसाहत उगवली नाही. म्हणजे त्याच्यात आपोआप काही बदल होऊन तो अँपिसिलिनला जुमानेनासा झाला, असे म्हणता येत नाही. तसे असते तर एकट्यातही काही उगवले असते. परीक्षेत पुष्कळ मुले ही ओळ वाचतच नाहीत आणि सरळ उत्तराला हात घालतात. 'ब'ने तो गुण 'अ'कडून घेतला, हे या रिकाम्या ताटलीवरूनच सिद्ध होते.

आता मार्ग. जंतू एकमेकांना जनुके तीन तऱ्हांनी देतात. पहिली तऱ्हा कॉन्जुगेशन. एक जंतू दुसऱ्याला एका बारीक केसासारख्या नळीने जवळ ओढतो, दोघे अंगाला अंग लावून राहतात आणि प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएची एक प्रत पलीकडे जाते. देणारा काही गमावत नाही, त्याच्याकडे त्याची प्रत राहतेच. दुसरी ट्रान्सफॉर्मेशन. एखादा जंतू मरून फुटतो, त्याचा डीएनए पाण्यात मोकळा तरंगतो आणि जिवंत जंतू तो तुकडा आत घेतो. तिसरी ट्रान्सडक्शन. जंतूंनाही विषाणू होतात, त्यांना फाज म्हणतात. फाज आपली पिल्ले भरताना चुकून जंतूच्याच डीएनएचा तुकडा डोक्यात भरतो आणि पुढच्या जंतूत सोडतो.

तिन्हींत फरक कसा करायचा? त्यासाठी दोन युक्त्या पुरतात. एक म्हणजे डीएनएज नावाचे पाचक द्रव्य. ते मोकळ्या डीएनएचे तुकडे करते, पण जंतूच्या किंवा फाजच्या कवचाआडच्या डीएनएला त्याचा हात लागत नाही. दुसरी युक्ती १९५० साली बर्नार्ड डेव्हिस यांनी केली. इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी घेऊन मध्ये अतिबारीक गाळणी बसवायची, एका बाजूला 'अ', दुसऱ्या बाजूला 'ब'. गाळणीतून पाणी, डीएनए आणि फाज पलीकडे जातात, जंतू मात्र अडकतात. म्हणजे अंगाला अंग लावणे बंद.

आमच्या प्रश्नात डीएनएज घातल्यावरही सुमारे २०० वसाहती आल्या, गाळणी घातल्यावर एकही नाही. मोकळा डीएनए कामाचा नाही आणि स्पर्श आवश्यक आहे, म्हणजे हे कॉन्जुगेशन. डीएनएजने वसाहती नाहीशा झाल्या असत्या तर ट्रान्सफॉर्मेशन. दोन्ही अडथळे घालूनही गुण गेला असता तर ट्रान्सडक्शन. ही केवळ परीक्षेची गंमत नाही. झिंडर आणि लेडरबर्ग यांनी १९५२ साली ट्रान्सडक्शन शोधून काढले ते अशाच नळीत, आणि जंतू होता साल्मोनेला टायफीम्युरियम, म्हणजे टायफॉइडच्या जंतूचा जवळचा भाऊबंद.

थोडा हिशेब करू. ०.१ मिलिलिटरमध्ये २०० वसाहती, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये २,०००. प्रश्नात 'ब'चे जंतू एका मिलिलिटरला दहा कोटी दिले होते. म्हणजे ५० हजार जंतूंमागे एकालाच प्लाझ्मिड मिळाले. हे प्रमाण किरकोळ वाटेल. पण त्या ताटलीवर औषध आहे, आणि औषधाने बाकीचे ४९,९९९ मारून टाकले आहेत. जागा रिकामी आणि वारस एकटा! दुसऱ्या दिवशी ताटलीवर त्याचेच राज्य. औषध नसते तर तो एक इतरांच्या गर्दीत कुठे दिसलाही नसता.

मोजताना एक फसगत होते तीही सांगतो. अँपिसिलिन मोडणारा जंतू ते द्रव्य बाहेरही सोडतो, त्यामुळे मोठ्या वसाहतीभोवतीचे औषध संपते आणि तिच्या आडोशाला बारीक बारीक ठिपके उगवतात. ते प्लाझ्मिड न मिळालेले 'ब'चेच जंतू असतात. ताटली दोन दिवस ठेवली की ते फार वाढतात. त्यांना मोजायचे नाही. शंका आली तर वसाहत टोचून नव्या ताटलीवर लावावी. खरी असेल तर तिथेही उगवेल.

आता भगिनींच्या प्रश्नाकडे. १९४८ पासून टायफॉइडला क्लोरँफेनिकॉल हे रामबाण होते. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि इकडे केरळात कालिकतला त्याला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला आपल्या देशात आणखी मोठे संकट आले. जंतूने क्लोरँफेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल अशी तिन्ही औषधे एकदम नाकारली. आपोआप होणारे बदल एकेक करून होतात, तीन वेगळ्या औषधांवरचे तीन बदल एकाच वेळी होणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट. खुलासा असा की, तिन्ही गुणांची जनुके एकाच मोठ्या प्लाझ्मिडवर बसलेली होती. सुमारे दोन लाख अक्षरांचे ते प्लाझ्मिड एकदा आत आले की तिन्ही गुण एका झटक्यात मिळाले. जपानमध्ये हगवणीच्या जंतूबाबत हेच १९५० च्या दशकात दिसले होते, आणि १९५९ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी दोन जंतू नुसते एकत्र ठेवून औषधांना न जुमानण्याचा गुण एकातून दुसऱ्यात जातो हे दाखवले.

टायफॉइडच्या या प्लाझ्मिडची एक खोड मला विशेष वाटते. माणसाच्या शरीराच्या ३७ अंशांला ते फारसे हलत नाही. २२ ते २८ अंशांच्या आसपास मात्र ते चटकन एका जंतूतून दुसऱ्यात जाते. म्हणजे सोयरिकीची जागा केवळ रुग्णाचे पोट नव्हे, गटाराचे पाणी आणि सांडपाणीही असणार. आपल्या अक्कलकोटला बारा महिने बाहेरगावचे भाविक येतात. पिण्याच्या पाइपाशेजारून गटार जाते तेव्हा त्यात केवळ घाण वाहते असे समजू नका. अनेक पोटांतले जंतू तिथे एकत्र येतात, आणि त्यांचे तापमानही सोयीचे असते.

यानंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले आणि काही वर्षे छान चालले. पण इथे नवीन चाल होती. सिप्रोबाबत टायफॉइडच्या जंतूने मुख्यतः बाहेरून काही घेतले नाही, त्याच्या स्वतःच्या डीएनएत बदल होत गेले आणि ते टिकले. म्हणून आज सिप्रोच्या गोळीवर टायफॉइडला भरवसा ठेवता येत नाही. उलट क्लोरँफेनिकॉल आणि कोट्रायमॉक्साझोल वापरातून मागे पडली, तसतसे भारतात त्यांना दाद देणारे जंतू पुन्हा बहुसंख्य झाले आहेत.

सिप्रोनंतर सेफ्ट्रायअॅक्सोनची इंजेक्शने आली, आणि भगिनींनी विचारलेली इंजेक्शने हीच. आता त्यांच्याही वाटेवर काटे दिसू लागले आहेत. २०१६ मध्ये पाकिस्तानातील सिंधमधल्या हैदराबादला सेफ्ट्रायअॅक्सोन न मानणाऱ्या टायफॉइडची मोठी साथ सुरू झाली. त्या जंतूकडे सापडलेले प्लाझ्मिड ई. कोलायमध्येही आढळते, म्हणजे उघडच आतड्यातल्या शेजाऱ्याकडून मिळालेले. आपल्या महाराष्ट्रातलाही दाखला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईतील टायफॉइडच्या जंतूंत एक निराळे प्लाझ्मिड आढळले. सेफ्ट्रायअॅक्सोनसारखी औषधे मोडणारे आणि सिप्रोला अडथळा आणणारे अशी दोन जनुके त्याच्यावर एकत्र होती, आणि ते काही काळ तिथल्या जंतूंत टिकून राहिलेले दिसले. हा साधा योगायोग नव्हे. सिप्रोची बदललेली जागा त्या जंतूत आधीच होती, त्यावर हे प्लाझ्मिड येऊन बसले. एक रोग, दोन मार्गांनी आलेला विरोध.

बाकीचे दोन मार्ग टायफॉइडपुरते दुय्यम आहेत, पण दुसरीकडे चालू असतात. न्यूमोनियाचा जंतू मोकळा डीएनए पटकन आत घेतो. १९२८ मध्ये ग्रिफिथ यांनी ट्रान्सफॉर्मेशन पाहिले ते याच जंतूत, आणि पेनिसिलिनला विरोध करणारी जनुके त्याने घशातल्या नातेवाइकांकडून तुकड्यातुकड्यांनी घेतलेली आहेत. फोड-गळवांच्या स्टॅफिलोकॉकस जंतूत मात्र फाजची वाहतूक महत्त्वाची ठरते.

आता घरच्या कामाचे. साध्या सर्दी-तापाला कोणी सेफिक्सिमची गोळी घेतली तर सर्दी तशीच राहते, पण आतड्यातले ई. कोलाय निवडले जातात. औषध न मानणारे वाचतात, वाढतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. पुढे कधी टायफॉइडचा जंतू त्या आतड्यात किंवा त्या गटारात आला, की त्याला देणारा तयार असतो. म्हणून मी एका गोळीचा हिशेब एका माणसापुरता धरत नाही.

टायफॉइडचा ताप सेफ्ट्रायअॅक्सोन चालू केल्यावरही उतरायला पाच-सहा दिवस घेतो. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणजे जंतू हट्टी झाला असे धरून इंजेक्शन बदलू नये, आणि डॉक्टरही बदलू नये! सहा-सात दिवसांनंतरही ताप चढताच असेल तर मात्र शंका घ्यावी. हट्टी जंतू आहे की नाही हे विडाल चाचणीवरून कळत नाही. ती अंगातल्या प्रतिकारद्रव्याचा अंदाज सांगते, जंतूच्या स्वभावाचा नव्हे. त्यासाठी ब्लड कल्चर लागते. मोठ्या माणसाचे आठ ते दहा मिलिलिटर रक्त, आणि तेही पहिला डोस देण्याआधी. गोळ्या घेऊन आल्यावर रक्त काढले तर जंतू बहुधा हाती लागत नाही आणि रिपोर्ट निष्पाप दिसतो. रोगी खराच टायफॉइडचा असतानाही कल्चर साधारण निम्म्याच रुग्णांत उगवते, म्हणून 'काही उगवले नाही' याचा अर्थ टायफॉइड नाही असा घेऊ नये. उगवले तर मात्र तीन-चार दिवसांत औषधांची यादी येते. तिच्यात सेफ्ट्रायअॅक्सोनपुढे 'आर' असेल, तर अझिथ्रोमायसिनपुढे काय लिहिले आहे ते पहिल्यांदा पाहावे. त्याच्यापुढे 'एस' असेल तर साध्या रुग्णाला तोंडाने देण्याची सोय अजून शिल्लक असते. रोगी अत्यवस्थ असला तर मात्र त्याला मेरोपेनेमसाठी सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते.