शेअरची पुनर्खरेदी आणि मागे राहणारी नोंद

एका काल्पनिक कंपनीचे भागभांडवल 1 कोटी रुपये आहे आणि सर्वसाधारण राखीव निधी 80 लाख. 10 रुपये दर्शनी किमतीचे 1 लाख शेअर ती 30 रुपयांनी परत घेते. बँकेतून 30 लाख जातात. मर्यादा भांडवल अधिक मुक्त निधीच्या 25 टक्के, म्हणजे 45 लाख. रक्कम 10 टक्क्यांच्या वर असल्याने भागधारकांचा विशेष ठरावही लागतो.

पहिली नोंद सोपी आहे: भागभांडवल 10 लाखांनी नावे, अधिमूल्यापोटी राखीव निधी 20 लाखांनी नावे, बँक 30 लाखांनी जमा.

खरी गफलत पुढे होते. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 69 नुसार, रद्द शेअरच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम बाजूला काढावीच लागते. म्हणून राखीव निधी आणखी 10 लाखांनी नावे, भांडवल परतफेड निधी तेवढ्यानेच जमा. या निधीतून लाभांश वाटता येत नाही, फक्त पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर देता येतात. धनकोंचा आधार असलेले भांडवल असे शाबूत राहते, आणि हा नियम मला अत्यंत न्याय्य वाटतो.

ताळेबंदात उरलेले भांडवल 90 लाख आणि हा निधी 10 लाख मिळून पुन्हा 1 कोटी भरायला हवेत. राखीव निधीत 50 लाखांऐवजी 60 लाख दिसले, तर दुसरी नोंद राहिली आहे.