१४४ ओळींची फाइल, दहा लाख ओळींचं वजन

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब घ्या. १४३ फ्लॅट, वर शीर्षकाची एक ओळ, सात कॉलम. एवढ्याशा मजकुराची एक्सेल फाइल काही केबीत मावायला हवी. पण ती उघडायला मिनिटभर लागतं आणि मेलला जोडायला गेलं तर नकार मिळतो. अशा वेळी शीटवर Ctrl+End दाबा. कर्सर १४४व्या ओळीवर थांबायला हवा. तो थेट १०,४८,५७६व्या ओळीवर, म्हणजे शीटच्या तळाशी पोचला, तर दुखणं सापडलं.

हे होतं कसं? कोणीतरी दुसऱ्या ओळीपासून Ctrl+Shift+↓ दाबत तळापर्यंत निवड केली आणि सगळ्याला बॉर्डर मारली. कॉलमच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक करून पूर्ण कॉलम रंगवला, तर एक्सेल त्याची एकच नोंद ठेवतं. पण मधूनच निवड केली की प्रत्येक रिकाम्या घराची वेगळी नोंद होते, ती अशी:

```
<c r="F500000" s="3"/>
```

सात कॉलमांची अशी घरं ७३ लाखांच्या वर जातात. प्रत्येकी साधारण २२ अक्षरं धरली, तरी एका शीटचा मजकूर १५० एमबीच्या पुढे गेला. फाइल दाबून साठवलेली असते, म्हणून डिस्कवर ती बरीच लहान दिसते. उघडताना मात्र एवढं सगळं वाचावंच लागतं. बारा महिन्यांच्या बारा शीट याच शीटच्या कॉपी असतील, तर पुढचं सांगायला नको.

बरेच जण खालच्या ओळी निवडून Delete कळ दाबतात. त्याने फक्त मजकूर जातो, बॉर्डर जागेवरच राहते. आधी फाइलची कॉपी काढून ठेवा. मग फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या चौकटीत 145:1048576 टाइप करून Enter दाबा, Ctrl आणि वजाची कळ दाबून ओळीच काढून टाका आणि फाइल सेव्ह करा. या ओळींचा थेट उल्लेख करणारं सूत्र कुठे असेल, तर तिथे #REF! दिसेल, तेवढं तपासा.

तरीही फाइल जड राहिली तर? कॉपीचं .xlsx हे शेपूट बदलून .zip करा आणि आत पाहा (पासवर्डने उघडणाऱ्या फाइलला हे चालत नाही). xl/media फुगलेलं असेल, तर दोष चित्रांचा. वेबपानावरून तक्ता चिकटवताना चित्रंही येतात आणि लपवलेल्या ओळींत दबून राहतात. Alt+F10 दाबलं की त्यांची यादी उघडते. xl/styles.xml मोठी असेल, तर दुसऱ्यांच्या फाइलींतून आणलेल्या शीटांबरोबर आलेल्या स्टाइल्सचा तो ढीग आहे. Cell Styles मध्ये ‘Normal 2’, ‘Comma 3’ अशी नावं रांगेने दिसतील. त्या एकेक करून काढणं कंटाळवाणं काम आहे. त्यापेक्षा कोऱ्या फाइलमध्ये फक्त व्हॅल्यू चिकटवाव्यात, सूत्रं नव्याने लिहावीत.

आणि पुढच्या वर्षीच्या ओळींसाठी आधीच चौकटी आखून ठेवू नका. आहे त्या तक्त्यावर Ctrl+T दाबा. नवी ओळ लिहिली की सजावट तिच्यामागून आपोआप येते.