‘नाही’ ऐकू येईपर्यंत

‘सिलसिला’ (1981) चित्रपटातलं ‘ये कहाँ आ गए हम’ अनेकांना अर्धं गाणं आणि अर्धी कविता म्हणून आठवतं. अमिताभ बच्चन जावेद अख्तर यांचे शब्द बोलतात आणि लता मंगेशकर गातात. संगीत शिव-हरी यांचं, म्हणजे संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांचं. बोलणारा आवाज खर्जातला आणि गाणारा खूप वरचा असल्यामुळे दोघांच्या जागा वेगळ्या राहतात, आणि बोलणाऱ्याच्या शब्दांवर चाल कुरघोडी करत नाही.

हल्ली घरच्या घरी, मोबाइलवरसुद्धा, कविता बोलून तिच्याखाली हलकं संगीत लावणारे पुष्कळ आहेत. त्यातली बरीच ध्वनिमुद्रणं एकाच ठिकाणी फसतात. संगीत फार मोठं असतं असं नाही, ते चुकीच्या क्षणी वर येतं. कवितेची ओळ संपली की वाचणारा थांबतो आणि ती शांतता भरून काढायला संगीत पुढे सरसावतं. पण ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं असं नसतं.

मराठीत तर हे विशेष जपावं लागतं. आपलं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. ‘तो आला’ इथपर्यंत एक गोष्ट कळते आणि पुढच्या ‘नाही’ने ती उलटते. म्हणून कवितेत दोन प्रकारचे थांबे असतात. एक उघडा थांबा, जिथे ओळ तुटली आहे पण वाक्य अजून पुढे जायचं आहे. दुसरा मिटलेला थांबा, जिथे अर्थ पुरा झाला. उघड्या थांब्यात संगीत होतं तिथेच राहावं, मिटलेल्या थांब्यात ते वर यावं. बाकीची कारागिरी या एका निर्णयाच्या मागून येते.

या लेखापुरत्या जुळवलेल्या पाच ओळी घेऊ:

आई म्हणाली, नदी ओलांडून
बाबा येतील संध्याकाळी.
आम्ही दिवा लावला, दार उघडं ठेवलं,
पण नदी उतरलीच
नाही.

पहिलं काम संगीताशिवायचं. कविता नुसती बोलून मुद्रित करायची, कारण संगीत कानात वाजत असलं की वाचणारा नकळत त्याच्या ठेक्यावर जातो आणि थांबे सगळे सारख्या लांबीचे होतात. वाचून झाल्यावर त्याच खोलीत कोणीही न बोलता अर्धा मिनिट मुद्रण चालू ठेवायचं. पुढे एखादा थांबा वाढवायचा झाला तर तिथे खोलीचा हा स्वाभाविक आवाज घालता येतो. पूर्ण निःशब्द तुकडा जोडला, तर यंत्र क्षणभर बंद पडल्यासारखं वाटतं.

आता थांबे. ‘ओलांडून’नंतर अर्धा सेकंद पुरतो, तो उघडा आहे. ‘संध्याकाळी’नंतर वाक्य मिटतं, तिथे दोन सेकंद द्यावेत. तिसऱ्या ओळीनंतर सेकंदभर. ‘उतरलीच’नंतर पुन्हा एक सेकंद, आणि सगळी परीक्षा इथेच. ऐकणाऱ्याचा श्वास अडकलेला असतो, त्यामुळे संगीतकाराचा हात इथेच शिवशिवतो. पण इथे सूर चढला तर ‘नाही’ त्याच्या लाटेवर येतं. ऐकणाऱ्याला दुःख आधी कळतं आणि बातमी नंतर. म्हणून इथे पातळी जराही हलवायची नाही. ‘नाही’ बोलून झाल्यावरही साधारण दीड सेकंद तसाच जाऊ द्यावा आणि मग चारेक सेकंदांत संगीत सावकाश वर आणावं.

वाचणाऱ्याचा श्वासही या हिशेबात धरावा लागतो. काही जण संकलनात प्रत्येक श्वास कापून टाकतात. मग बोलणं अधांतरी वाटतं, कारण पुढचं वाक्य येत असल्याची खूण ऐकणाऱ्याला मिळत नाही. खटकणारा श्वास थोडा हलका करावा, बाकीचे ठेवावेत. ‘पण’च्या आधीचा श्वास तर या कवितेत हवाच.

खाली वाजवायचं काय? तानपुरा सोपा वाटतो, कारण त्याला चाल नाही आणि ठेकाही नाही. मात्र जवारीमुळे त्याच्या नादात वरची स्वरकंपनं भरपूर असतात. त, च, श यांसारख्या व्यंजनांची स्पष्टता ज्या पट्ट्यात असते, म्हणजे साधारण 2,000 ते 4,000 हर्ट्झमध्ये, तिथेही ती पसरतात. तेवढ्या पट्ट्यात तानपुरा तीन-चार डेसिबलने उतरवला तर तो तसाच वाजतो आणि शब्द मोकळे होतात. सारंगीचं याहून अवघड आहे. तिचा आवाज माणसाच्या गळ्याच्या इतका जवळचा की ती शब्दांखाली वाजली तर दोन माणसं एकदम बोलल्यासारखी वाटतात. वरच्या कवितेत तिला एकच जागा मिळावी, ‘नाही’नंतरची.

पातळीसाठी एक आधार घेता येतो. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, बोलण्यापेक्षा पार्श्वध्वनी किमान 20 डेसिबल खाली ठेवण्याचा एक कडक निकष आहे. कानाला तो बोलण्याच्या साधारण चौथा हिस्सा वाटतो. कवितेत थोडी सूट घेता येईल, पण सुरुवात इथून करावी.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आवाज आला की संगीत आपोआप दबवण्याची सोय असते. बातमीपत्राला ती पुरते, कवितेला पुरत नाही. यंत्राला उघडा आणि मिटलेला थांबा यांतला फरक कळत नाही, त्यामुळे प्रत्येक स्वल्पविरामाला संगीत उसळतं आणि पुढच्या शब्दाला दचकून खाली बसतं. ही उसळी ऐकू आली की सोय बंद करावी आणि पातळीची रेघ हाताने काढावी. खाली येतानाची उतरण पुढचा शब्द सुरू होण्याच्या अर्धा सेकंद आधी संपलेली असावी. नाहीतर ‘आम्ही’मधला ‘आ’ बुडतो.

दुसरी वाटही आहे, वादकाने समोर बसून वाजवण्याची. 1959 साली आलेल्या ‘पोएट्री फॉर द बीट जनरेशन’ या ध्वनिमुद्रिकेत जॅक केरुअॅक वाचतो आणि स्टीव्ह ॲलन पियानो वाजवतो. समोरासमोर बसलेल्या वादकाला वाचणाऱ्याची छाती भरताना दिसते, म्हणून तो शब्दाच्या आधी मागे सरू शकतो. हा मार्ग अधिक जिवंत आहे. पण दोन्ही आवाज एकाच खोलीत मुद्रित झाले की एकाच्या माइकमध्ये दुसरा शिरतो आणि नंतर त्यांच्या पातळ्या वेगळ्या करणं कठीण होतं.

वृत्तबद्ध कवितेला मात्र जपून हात लावावा. भुजंगप्रयातासारख्या वृत्तात लघु-गुरूची स्वतःची चाल असते आणि खाली ठेका ठेवला तर दोन लयी एकमेकींच्या पायांत येतात. तिथे नुसता आधारस्वर ठेवावा. मुक्तछंदाला मोकळीक जास्त मिळते.

शेवटची तपासणी स्टुडिओतल्या चांगल्या स्पीकरवर होत नाही. कविता पाठ असलेल्या माणसाचा कान न ऐकू आलेले शब्दही भरून घेतो, म्हणून तिचा एक शब्दही न वाचलेला माणूस हवा. त्याला मोबाइलच्या स्पीकरवर, आवाज कमी ठेवून, स्वयंपाकघरात पंखा चालू असताना ऐकवावी आणि फक्त एवढंच विचारावं: बाबा आले का?