ओळखपत्रांवरचे सारखे चेहरे

शाळेतल्या ४० जणांचे फोटो एकाच चौकटीने कापले, तर कुणाचा चेहरा मोठा येतो, कुणाचा लहान. मग माप कशाचे धरायचे? केसांमुळे डोक्याची उंची फसवते. म्हणून आपण दोन बाहुल्यांमधले अंतर धरू. समजा, ओळखपत्रावरच्या ६०० बिंदू रुंद चित्रात ते १५० बिंदू हवे आहे आणि एका फोटोत २४० भरले. म्हणजे फोटो ०.६२५ पट करायचा. त्यासाठी मूळ फोटोतून ९६० बिंदू रुंदीचा तुकडा कापू. बाहुल्यांचा मध्य दर वेळी तुकड्याच्या मध्यरेषेवर, वरून ४० टक्के उंचीवर ठेवू. मान वळलेली असेल तर मात्र हे अंतर आखूड भरते आणि चेहरा उगाच मोठा होतो. सगळी चित्रे ओळीत मांडली, की इतरांपेक्षा खाली गेलेली हनुवटी लगेच दिसते. तो फोटो पुन्हा काढावा.