पैसे भरण्याआधी तळ पाहा

समजा, एका संकेतस्थळावर पैठणी अर्ध्या किमतीत दिसते. पैसे भरण्याआधी पानाच्या अगदी तळाशी जावे. तिथे फक्त व्हॉट्सॲप क्रमांक असेल, तर पैसे अडकल्यावर दाद मागायची कोणाकडे?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार दुकानाने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व संपर्क दाखवायलाच हवा. या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. वस्तू परत करण्याचे, परताव्याचे नियम आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हेही स्पष्ट हवे.

पण लिहिलेले खरे कशावरून? जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो पंधरा अक्षरांचा असतो; महाराष्ट्रातील नोंदणी 27 ने सुरू होते. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणीकृत नाव दिसते. पत्ता पुण्याचा आणि क्रमांक 07 ने, म्हणजे दिल्लीच्या नोंदणीने सुरू होत असेल, तर आधी विचारणा करावी. नावही जुळत नसेल, तर खरेदी टाळावी.

दुकान दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा.