१.२० चे १.२ होते तेव्हा

सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र १.२०.५० असे लिहिलेले असते. एक हेक्टर, वीस आर, पन्नास चौरस मीटर. हेक्टराचे शंभर आर आणि आराचे शंभर चौरस मीटर, म्हणजे हे क्षेत्र १२,०५० चौरस मीटर भरते. शेजारच्या रकान्यात गट क्रमांक असतो, समजा १२/३. गावातल्या खातेदारांची अशी यादी मराठी अंकांत टंकलेली असते आणि कधी ना कधी ती बँकेला, विमा कंपनीला किंवा एखाद्या संगणकप्रणालीला 1, 2, 3 अशा साध्या अंकांत द्यावी लागते. काम झाले की तीच यादी पुन्हा मराठी अंकांत गावच्या फलकावर लावायची असते. काम सोपे दिसते, पण यादी बिघडते ती बहुधा इथेच. आणि अंक क्वचितच चुकतात. बिघडतात ती त्यांच्यामधली टिंबे, तिरक्या रेघा आणि स्वल्पविराम.

याचे कारण असे की अंकबदल दोन अगदी वेगळ्या रीतींनी करता येतो आणि वरवर पाहता दोन्ही सारख्याच वाटतात. पहिल्या रीतीत संगणक मजकुराची ‘किंमत’ काढतो आणि ती नव्या अंकांत लिहितो. दुसऱ्या रीतीत तो किंमत काढण्याच्या भानगडीत पडत नाही. ० दिसला की 0, १ दिसला की 1, एवढी दहा चिन्हे बदलतो आणि बाकी काही दिसले की जसेच्या तसे पुढे सोडतो. यादीसाठी दुसरीच रीत बरोबर आहे, हे माझे ठाम मत आहे.

पहिल्या रीतीने काय होते ते पाहा. ‘१.२०’ ची किंमत काढली की उत्तर येते 1.2, कारण गणिताच्या दृष्टीने शेवटच्या शून्याला काही अर्थ नाही. पण हेक्टर-आर वाचायची सवय असलेला माणूस १.२ हे एक हेक्टर दोन आर असे वाचतो आणि अठरा आर जमीन कागदावरून नाहीशी होते. ‘१.२०.५०’ मध्ये तर दोन टिंबे आहेत, त्यामुळे ती संख्याच नाही आणि प्रणाली ती नाकारते. नाकारलेले निदान कळते तरी. खरा धोका गुपचूप होणाऱ्या चुकीचा असतो. जावास्क्रिप्ट या भाषेत `parseFloat("1,25,000")` असे विचारले, तर उत्तर 1 येते. पहिला स्वल्पविराम दिसताच वाचन थांबते, सव्वा लाखाचा एक रुपया होतो आणि कुठेही इशारा येत नाही.

उलट दिशेलाही हेच घडते. त्याच भाषेत मराठीसाठी संख्या सजवून देणारी सोय आहे आणि ती 1234567 चे १२,३४,५६७ असे सुंदर लेखन करते. रकमेसाठी ती उत्तम. पण तिच्याकडे 2024 हे साल दिले तर ती २,०२४ लिहिते, आणि गट क्रमांक 1204 असेल तर त्याचा १,२०४ करते. साल, गट क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक यांच्यावर कोणी बेरीज-वजाबाकी करत नाही. दिसायला आकडे असले तरी ती नावेच आहेत.

दुसरी रीत पायथन भाषेत चार-सहा ओळींत बसते :

```python
marathi = "०१२३४५६७८९"
sadhe = "0123456789"
sadhe_kara = str.maketrans(marathi, sadhe)
marathi_kara = str.maketrans(sadhe, marathi)

print("१२/३ | १.२०.५० | १,२५,०००".translate(sadhe_kara))
```

उत्तर येते `12/3 | 1.20.50 | 1,25,000`. टिंब, रेघ, स्वल्पविराम, शेवटची शून्ये, सगळे जागच्या जागी. ज्यांना प्रोग्राम लिहायचा नाही त्यांनी ‘शोधा आणि बदला’ ही सोय दहा वेळा वापरली तरी निकाल तोच, मात्र ते काम साध्या मजकूर-संपादकात करावे, एक्सेलमध्ये नको.

एक्सेलमध्ये नको, याचे कारण गट क्रमांकातच आहे. ‘१२/३’ मराठी अंकांत असताना एक्सेल त्याला बहुधा मजकूर समजून हात लावत नाही. अंक साधे झाले की `12/3` त्याला तारीख वाटते. संगणकावर भारतीय पद्धतीची तारीख असेल तर रकान्यात `12-Mar` दिसू लागते आणि आतमध्ये तर दिवसांचा एक अनुक्रमांकच साठवला जातो. २०२४ मध्ये हे झाले असेल तर तो 45363 असेल. नंतर रकाना ‘मजकूर’ केला तरी 12/3 परत येत नाही, 45363 च येतो, आणि तो मराठी अंकांत बदलला की गट क्रमांक ४५३६३ अशी नोंद तयार होते. अंकबदल करणारा बिनचूक असूनही यादी अशी बिघडते. म्हणून साध्या अंकांतली फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नये. एक्सेलच्या आयातीच्या सोयीतून आणावी आणि गट क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल यांचे रकाने तिथेच ‘मजकूर’ म्हणून ठरवावेत. रकान्यांमध्ये स्वल्पविरामाऐवजी टॅब ठेवावा, नाहीतर १,२५,००० ही एकच रक्कम तीन रकान्यांत विखुरते.

काम नीट झाले का, हे तपासायला डोळे पुरत नाहीत. एकास एक चिन्ह बदलले असेल तर प्रत्येक ओळीतल्या अक्षरांची संख्या आधी होती तेवढीच राहायला हवी. फाइलचा आकार मात्र कमी होईल, कारण आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत मराठी अंकाला तीन बाइट लागतात आणि साध्याला एक. त्यानंतर बदललेली यादी पुन्हा मराठी अंकांत फिरवून मूळ यादीशी जुळवावी. जिथे फरक निघेल ती ओळ उघडून पाहावी. बऱ्याचदा तिथे मूळ यादीतच कोणीतरी एखादा साधा अंक टंकलेला सापडतो. क्वचित वेळेतल्या अपूर्णविरामाच्या जागी विसर्गही आढळतो, १०ः३० असा. तो या जुळणीत पकडला जात नाही, कारण तो अंक नाही म्हणून दोन्ही वेळा तसाच पुढे जातो. अंक साधे झाल्यावर ती वेळ वाचणारी प्रणालीच त्यावर अडते. अंक बदलण्यापूर्वी विसर्ग शोधून घेतलेला बरा, पण सगळे विसर्ग सरसकट पुसू नयेत. दोन अंकांच्या मधला तेवढाच बदलावा, कारण ‘दुःख’ आणि ‘स्वतः’ यांतला विसर्ग खरा आहे.

या रीतीची एक मर्यादा मान्य करावी लागते. मुळातच मराठी आणि साधे अंक मिसळलेले असतील, तर एकदा सगळे साधे झाल्यावर कोणता अंक आधी कोणत्या लिपीत होता हे कळायला मार्ग उरत नाही. खातेदाराच्या बँकेचा आयएफएससी कोड घ्या. त्यात पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते आणि ते साधेच असावे लागते. संपूर्ण फाइल एका फटक्यात मराठी अंकांत फिरवली तर तिथे ० येतो आणि कागदावर तो कोड बरोबरच दिसतो. मात्र कोणी तो उचलून बँकेच्या अर्जात चिकटवला की प्रणाली तो नाकारते. वाहन क्रमांक, ईमेलचा पत्ता आणि संकेतस्थळाचा पत्ता यांचेही तसेच. म्हणून मराठीत परत येताना अंक रकान्यानुसार बदलावेत : क्षेत्र, रक्कम, तारीख, गट क्रमांक मराठीत, कोड आणि पत्ते जसे होते तसे. मूळ यादीची प्रत हातावेगळी करू नये. जुळणीत फरक निघाला, तर कोणता अंक खरा हे सांगणारा तेवढाच कागद असतो.